पदे, योजना आणि त्यांची नावे : भाषा संचालकांस खुले पत्र

मा. भाषा संचालक, भाषा संचालनालय, महाराष्ट्र शासन यांस,



पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील ज्या गावांत जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे शेततळ्याचा आधार घ्यावा लागतो तेथे, एकाच सरकारी प्रकल्पाची दोन नावे प्रचारात आहेत : शासनाच्या दप्तरातले ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ आणि इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले, शेतकऱ्यांच्या तोंडी रुळलेले ‘पोकरा’. मराठी नाव हे इंग्रजी नावाचे भाषांतर नव्हे. ते स्वतंत्रपणे दिलेले आहे. म्हणून इंग्रजी अहवालावरून मराठी मसुदा करणारा लेखनिक ‘हवामान प्रतिरोधक शेती प्रकल्प’ असे प्रामाणिकपणे लिहितो, तेव्हा शब्द बिनचूक असूनही तिसरेच, कोणत्याही शासन-निर्णयात नसलेले नाव जन्मास येते; आणि ग्रामसभेच्या ठरावात ते एकदा शिरले, की अर्जावरील नाव आणि ठरावातील नाव एकाच प्रकल्पाचे आहे, याची खातरजमा करण्याचे ओझे अर्जदाराच्या शिरावर येते.

अशा मसुद्यात माझ्या मते पहिल्या उल्लेखाला शासन-निर्णयातील पूर्ण मराठी नाव व लगेच कंसात ‘पोकरा’, पुढे सर्वत्र ‘पोकरा’, आणि संकेतस्थळावर जे टंकायचे ते mahapocra मात्र जसेच्या तसे रोमन लिपीत, असा क्रम असावा. योजनेचे नाव विशेषनाम असल्याने त्याचे नव्याने भाषांतर करण्याचा अधिकार मसुदा लिहिणाराला नाही. मराठी नाव मुळातच दिलेले नसेल, तर इंग्रजी नाव देवनागरीत लिहून त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा.

पदांची गोष्ट निराळी आहे. पदनामावरून अधिकारक्षेत्र ठरते, म्हणून ‘एसडीओ’ हे बोलण्यात कितीही सोयीचे असले तरी मजकुरात ‘उपविभागीय अधिकारी’ हेच लिहावे. कारण ‘एसडीएओ’, म्हणजे उपविभागीय कृषी अधिकारी, हा निराळा अंमलदार असून आद्याक्षरांतील एका अक्षराच्या चुकीने अर्ज महसूल खात्याच्या दारी जातो. येथे आपल्या संचालनालयाचा पदनाम कोश प्रमाण मानावा. तथापि पदनामेही बदलतात. वऱ्हाडातील वृद्ध अद्याप तलाठ्यास पटवारी म्हणतात, आणि २०२४ साली तर ग्रामसेवकाचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले. तरीही २०१९ च्या दाखल्याचा हवाला देताना त्यावरील ‘ग्रामसेवक’ बदलू नये, कारण सही त्या पदनामाने झालेली आहे. आवश्यक वाटल्यास नवे नाव कंसात द्यावे.

पदांसाठी आपण कोश केला, योजनांसाठी तसा आधार मसुदा लिहिणाराच्या हाताशी नाही. माझी विनंती इतकीच, की प्रत्येक योजनेच्या शासन-निर्णयाच्या शिरोभागी अधिकृत मराठी नाव, देवनागरीतील संक्षेप आणि संकेतस्थळावरील रोमन अक्षरे ही तिन्ही एकत्र छापण्याची तजवीज आपण सर्व विभागांस सुचवावी. आणि नाव बदलल्यास जुने नाव व बदलाची तारीख त्याखाली नोंदवली जावी.

आपला नम्र,
अकोल्यातील एक मसुदालेखक