पोरगं म्हणतं 'नर्फ', म्हणजे काय?

परवा सांगलीत एका परिचितांकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा मोबाइलवर बीजीएमआय खेळता खेळता ओरडला, "माझी बंदूक नर्फ केली!" आईला वाटलं, मोबाइलच बिघडला. आम्ही त्यालाच विचारून घेतलं.

नर्फ हे मूळ अमेरिकेतल्या स्पंजच्या खेळण्यांचं नाव. कंपनीने खेळातल्या एखाद्या हत्याराची ताकद कमी केली, की ते जणू स्पंजचं झालं, असा अर्थ. महिनोन्महिने हात बसवलेली बंदूक रातोरात मऊ पडते, म्हणून पोरगं चिडतं.

'ग्राइंड' म्हणजे दळण. गुण साठवायला तोच डाव पुन्हा पुन्हा खेळायचा. ब्राँझपासून चढत क्राऊन गाठायचा, आणि हंगाम संपला की दर्जा खाली येतो, परत जातं फिरवायचं. (जात्यातून पीठ तरी पडतं!)

मोठा डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. मध्येच उठलं तर गुण जातात, सोबत्यांची टोळीही अडचणीत येते. "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटल्यावर भांडण पेटतं ते त्यामुळे. पण "थोडं ग्राइंड करतो" याला शेवट नसतो. म्हणून त्या माउलीने मिनिटं मोजणं सोडलं. आता खेळ सुरू होण्याआधीच विचारते, "आज किती डाव?" परवा दोन ठरले होते. तिसरा सुरू करताना मात्र पोरगं आईच्या तोंडाकडे बघत होतं.