मेलेल्याचे कर्ज, जिवंतांच्या सह्या



पितरांचे ऋण फेडायला सारा देश त्र्यंबकेश्वरला येतो. त्रिपिंडी, नारायण नागबली करून मोकळा होऊन जातो. पण याच तालुक्यातल्या शेतकऱ्याचा दहावा होतो न होतो, तोच वसुलीवाला ओट्यावर येऊन बसतो. म्हणतो, "बापाचं कर्ज मुलानं फेडायचंच असतं." आम्ही विचारतो, कोणत्या कायद्याने?

बापाकडून मिळालेल्या मिळकतीपलीकडे मुलगा त्याच्या कर्जाला जबाबदार नाही, हे मुंबई इलाख्यात १८६६ सालीच कायद्याने ठरले. २००५ साली हिंदू वारसा कायदा दुरुस्त झाला आणि त्यानंतरच्या कर्जासाठी धर्माच्या नावाने मुलाला धरण्याचा आधारही संपला. बापाच्या सातबाऱ्यावरचा बोजा राहतो, हे खरे. पण मुलाची मजुरी, त्याने स्वतः घेतलेली म्हैस त्या कर्जात जात नाही.

मग घर बुडते कशाने? सहीने.

समजा, ५८ वर्षांच्या बापाने ३ लाख काढले. धाकटा भाऊ सहकर्जदार, शेजारी जामीनदार. बाप गेला तेव्हा २ लाख ४० हजार बाकी. भाऊ म्हणतो, माझा वाटा निम्मा. नाही! बँकेपुढे तो पूर्ण २ लाख ४० हजारांचा देणेकरी, आणि जामीनदारही तितक्याचाच. जामीनदाराने भरले तर ते मृताच्या मिळकतीतून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे, पण हे त्याला सांगतो कोण? मुलगा अजून मोकळा असतो. तेव्हा सचिव म्हणतो, "नवं-जुनं करून घे." सही झाली की बापाचे कर्ज मुलाचे स्वतःचे झाले.

आणि विमा? "हप्ता कापलाय ना!" कशाचा कापला? पीकविमा पिकाचा, माणसाचा नाही. अपघात विमा सर्पदंशाला मिळेल, हृदयविकाराला नाही. प्रधानमंत्री जीवनज्योतीचे ४३६ रुपये कोणत्याही मृत्यूला २ लाख देतात, पण वयाच्या ५५ पर्यंतच. आमच्या उदाहरणातला बाप त्यातून आधीच बाहेर पडला. शिवाय ते पैसे नॉमिनीला मिळतात, कर्जखात्यात आपोआप जमा होत नाहीत. कर्ज फेडतो तो कर्जविमा. तोही बहुधा पहिल्या नावाचाच असतो; सहकर्जदार मेला तर छदाम नाही. मुदत संपली आणि कर्ज थकलेले राहिले, तर विमा गेला आणि कर्ज उरले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हप्ता कापता, तर विम्याचा कागद मराठीत घरी द्या. त्यावर कोणाचा जीव, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. माणूस मेला की आधी विम्याचा दावा करा, मग वसुलीला या.

आणि भावांनो, दावा निकाली निघून बाकी लेखी हाती येईपर्यंत नव्या-जुन्याच्या कागदावर अंगठासुद्धा उठवू नका.