चवथीचा डिमांड फॅक्टर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं कच्चं आहे, तेव्हा सांभाळून घ्या! पण हा विषय वेंगुर्ल्याचा आहे, म्हणून मराठीतच लिहायचं ठरवलं.

मिनी प्रोजेक्टसाठी मी वेंगुर्ल्यात १०० फ्लॅट्सची टाउनशिप कागदावर उभी केली. प्रत्येक फ्लॅटचा जोडलेला भार ६ किलोवॅट, म्हणजे एकूण ६००. पण सगळे जण गीझर, एसी, मिक्सर एकाच वेळी लावत नाहीत. प्रत्यक्षातली सर्वात मोठी मागणी भागिले जोडलेला भार, हाच डिमांड फॅक्टर. मी नेहमीसारखा ०.४ धरला आणि २४० किलोवॅट आले. पंप, लिफ्ट, रस्त्यावरचे दिवे यांचे ६० मिळवून झाले ३००. पॉवर फॅक्टर ०.९ धरून ३३३ केव्हीए, वर वाढीसाठी २० टक्के. बरोब्बर ४०० केव्हीए! ट्रान्सफॉर्मरही त्याच मापाचा मिळतो. मी खूश.

आजीला चित्र दाखवलं तर ती म्हणाली, "झिला, चवथीक सगळी घरां उघडतली. तुझी डीपी टिकतली मां?"

आणि इथेच माझं गणित फसलं. ०.४ हा आकडा रोज राहत्या वस्तीचा. इथले बरेचसे फ्लॅट चाकरमान्यांचे, वर्षभर कुलूप आणि गणपतीत एकदम भरलेले. त्या संध्याकाळी फॅक्टर ०.६ झाला तर ३६० अधिक ६०, म्हणजे ४२० किलोवॅट, म्हणजे ४६७ केव्हीए. भविष्यासाठी ठेवलेली जागा पहिल्याच चवथीत संपली, वर १७ टक्के ओव्हरलोड. तेल तापणार आणि शेवटच्या इमारतीत व्होल्टेज पडणार.

४६७ वर २० टक्के वाढ धरली तर ५६० होतात, म्हणजे ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. पण तो बाकीचे महिने जवळजवळ रिकामा चालणार, आणि रिकाम्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातही चोवीस तास वीज वाया जातेच. म्हणून माझं मत असं, की ३१५ चे दोन घ्यावेत. एरवी एकच चालू, पॅनेलमधला बस कपलर बंद करून सगळ्यांना त्याच्यावरून वीज. सणाला दोन्ही चालू आणि कपलर उघडा. दोन्ही पॅरलल चालवले तर फॉल्टचा करंट वाढतो, म्हणून इंटरलॉक हवाच. दमट हवेत एक ट्रान्सफॉर्मर महिनोन्‌महिने थंड ठेवू नये. पाळीपाळीने चालवावा आणि ब्रीदरमधलं सिलिका जेल बघत राहावं.

वाढीची खरी जागा पॅनेलमध्ये ठेवावी. ४३३ व्होल्टला ३१५ केव्हीएचे ४२० अँपिअर होतात. इनकमर ६३० चा घ्यावा आणि काही फीडर रिकामे सोडावेत. उद्या दहा जणांनी गाडीसाठी ७ किलोवॅटचे चार्जर लावले तर ७० किलोवॅट वाढतील, आणि रात्री घरी आल्यावर सगळे एकदमच लावतील. तिथे ०.४ चालणार नाही.

पुस्तकातला फॅक्टर जरूर घ्या, पण आधी विचारा, या गावात सगळे एकत्र कधी येतात? मी ते आजीकडून शिकलो. व्हायव्हात मात्र तिचं नाव सांगितलं नाही!