इंद्रायणीचे पीक, आंबेमोहराचा भाव

पुणे-पौड रस्त्यावर भूगाव मागे टाकले की भुकूम लागते. गावात आता भाताच्या खाचरांपेक्षा प्लॉटचे फलक जास्त दिसतात. तरीही ज्यांची एक-दोन एकरे उरली आहेत आणि ज्यांनी शहरातून येऊन नव्याने घेतली आहेत, अशा दोघांच्याही हाती हल्ली एक कागद असतो. ‘एक एकर आंबेमोहर : खर्च व उत्पन्न’ असा त्याचा मथळा. नावे आणि आकडे थोडेफार बदलतात, पण साचा एकच असतो : उत्पादन १८ क्विंटल, भाव किलोला ९० रुपये, एकूण १,६२,०००, खर्च ११,०००, नफा दीड लाख. दिवाळीत विक्री.

हा कागद खोटा आहे, असे म्हटले की तीन उत्तरे ठरलेली येतात. ती एकेक करून पाहिली पाहिजेत, कारण तिन्हींत थोडे तथ्य आहे आणि फसगत त्या थोड्या तथ्यामुळेच होते.

पहिले उत्तर असे : ‘एकरी १८ क्विंटल अशक्य कुठे आहे? मुळशीत लोक काढतात.’ काढतात, पण इंद्रायणीचे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढली, ती १९८७ साली. ती काढावी लागली, याचे कारणच आंबेमोहराचे कमी उत्पादन हे होते. इंद्रायणी हेक्टरी ४० ते ४५ क्विंटल भात देते, म्हणजे एकरी १६ ते १८. आंबेमोहर १५७ हेक्टरी १९ क्विंटलांच्या आसपास थांबतो, एकराला साडेसात-आठ. म्हणजे आपल्या कागदाने उत्पादन मुलीचे घेतले आणि भाव बापाचा लावला.

यावर चारसूत्रीचा दाखला दिला जातो. भाताच्या तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतराची लावणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीच्या गोळ्या ही पद्धत चांगली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण आंबेमोहर उंच वाढणारा, मऊ काडीचा. नत्र वाढवले तर तो दाणे वाढवण्याआधी लोळतो, आणि करपाही त्याला लवकर गाठतो. सुधारित वाणाची मात्रा त्याला देऊन सुधारित वाणाचे उत्पादन मागता येत नाही. शिवाय दोरी धरून लावणी करायला आणि गोळ्या खोचायला माणसे जास्त लागतात. उत्पादनाच्या रकान्यात चारसूत्री आणि मजुरीच्या रकान्यात नेहमीची लावणी, अशी सोय कागदावर होते, खाचरात होत नाही.

याहून मोठी गफलत त्या १८ क्विंटलांपुढे ९० रुपये लिहिण्यात आहे. संशोधन केंद्राचे १८ क्विंटल हे भात. ९० रुपये हा तांदळाचा भाव. मध्ये गिरणी आहे. शंभर किलो भातातून साधारण ६० ते ६५ किलो तांदूळ निघतो, बाकी तूस आणि कोंडा. आंबेमोहराचा दाणा ठिसूळ, भरडताना सहज तुटतो, म्हणून त्यातही कणी वेगळी काढावी लागते. आणि त्याआधी ओलावा. कापणीच्या वेळी भातात २२ टक्के पाणी असेल आणि साठवायला ते १४ टक्क्यांवर आणले, तर केवळ सुकण्यात शंभर किलोचे ९१ किलो होतात. खळ्यावर मोजलेला आकडा अभिमानाने सांगायला ठीक. हिशेबात सुकलेल्या भाताचाच आकडा चालतो.

आता कागदाचाच भाव कायम ठेवून तो पुन्हा मांडू. सुकलेला भात ८ क्विंटल. ६२ टक्के उतारा धरला तर तांदूळ जेमतेम ५ क्विंटल. त्यात अख्खा ४२० किलो, कणी ७० किलो, असे धरू. अख्ख्याचे ९० रुपयांनी ३७,८०० आणि कणीचे ३० रुपयांनी २,१००. एकूण ३९,९००. एक लाख बासष्ट हजारांचा चौथा हिस्सा. आणि यात घरी खायला ठेवलेला तांदूळ अजून वजा केलेला नाही.

दुसरे उत्तर खर्चाविषयीचे, आणि ते जास्त भावनेने दिले जाते : ‘घरचीच माणसे राबतात, त्याचे पैसे कसले लावायचे?’ कागदातल्या ११,००० मध्ये बियाणे, खत, फवारणी आणि ट्रॅक्टर एवढेच आहे. खताचा रकाना तर फार बारकाईने भरलेला असतो. गंमत अशी की पैसा तिथे जातच नाही. एकराला सुधारित वाणाची पूर्ण मात्रा, म्हणजे ४० किलो नत्र, द्यायचे म्हटले तरी युरियाच्या ४५ किलोच्या दोनच गोण्या लागतात आणि सरकारी दराने गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ज्या रकान्यावर एवढा खल झाला तो साडेपाचशे रुपयांचा!

पैसा जातो तो माणसांच्या दिवसांत. मुळशीतल्या भाताचे काम कागदात जूनमध्ये सुरू होते, प्रत्यक्षात ते उन्हाळ्यात राब भाजण्यापासून सुरू होते. शेण, पाला-पातेरा, फांद्या गोळा करून पसरायच्या आणि भाजायच्या. मग रोप टाकायचे, काढायचे. त्याचे चार दिवस धरा. लावणीचे बारा, बेणणीचे आठ, कापणीचे आठ, झोडणी-वाऱ्यावर देण्याचे सहा. हे अडतीस माणूसदिवस झाले. मजुरी उदाहरणापुरती ४५० रुपये धरली तर १७,१०० होतात. नांगरणी-चिखलणी ६,०००, बियाणे-खत-फवारणी ३,५००, वाहतूक-भरडाई-पोती ३,५००. बेरीज ३०,१००. बांध फुटला तर तो घालणे आणि रानडुकरांसाठी रात्रीची राखण या बेरजेत धरलेली नाही; कारण ती दरसाल सारखी नसते, पण शून्य कधीच नसते.

घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, हा वाद भुकूममध्ये उपजलेला नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाचे वेगवेगळे थर मोजतो. ए-२ म्हणजे खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च. ए-२ अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्या श्रमांचे मोल मिळवून. सी-२ म्हणजे त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही. हमीभाव दुसऱ्या थरावर दीडपट दिला जातो आणि शेतकरी संघटना तो तिसऱ्यावर मागतात. भाव मागताना जे लोक सी-२ वर भांडतात, त्यांनीच स्वतःचा आराखडा ए-२ वर मांडावा, हे मला कळत नाही.

मोल धरल्याने फरक काय पडतो? ३९,९०० मधून खिशातला १३,००० खर्च गेला की २६,९०० उरतात, आणि घरच्यांना वाटते की शेतीने सत्तावीस हजार दिले. त्यातले १७,१०० त्यांच्याच अडतीस दिवसांची मजुरी आहे. शेताने दिले ते ९,८००. पिरंगुटच्या कारखान्यांत रोजंदारी मिळत असताना हा दिवस फुकट आहे असे धरणे म्हणजे घरातल्या बाईच्या कंबरेचे मोल शून्य धरणे. कारण लावणीतल्या बारा दिवसांत वाकलेली बहुतेक तीच असते.

तिसरे उत्तर बाजाराचे : ‘दिवाळीत पुणेकर नवा आंबेमोहर शोधत येतो.’ येतो, हे खरे. पण पंचांग आणि पीक यांचा मेळ घाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोप टाकले तर सुमारे दीडशे दिवसांचा हा वाण नोव्हेंबरच्या सुरुवातीला तयार होतो. कापणी, वाळवण, झोडणी, पुन्हा ऊन, मग गिरणीचा नंबर. तांदूळ पोत्यात यायला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. तेव्हा हे पीक शेतात उभे. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा फार तर कापणी चाललेली असेल. दिवाळीत ‘नवा आंबेमोहर’ म्हणून जे विकले जाते त्यात परराज्यातून आलेला, दिसायला तसाच तांदूळ किती असतो, हे जाणकार गिऱ्हाईक ओळखून आहे. २०१६ साली आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले, ते अस्सल मालाची ओळख राखायला. पंचांग मागे ढकलायला नव्हे.

उलट वेळ शेतकऱ्याच्या बाजूने आहे, ती डिसेंबरनंतर. नवा तांदूळ शिजताना चिकट, गिचका होतो. थोडा मुरलेला मोकळा होतो. म्हणून भात सुकवून भाताच्याच रूपात ठेवावा आणि मागणीप्रमाणे भरडावा. तांदळापेक्षा भाताला कीड कमी लागते आणि वासही टिकतो. मात्र मग पैसा नोव्हेंबरात हाती येणार नाही आणि पीककर्जाचा हप्ता कशातून फेडायचा, हा रकाना आधी भरावा लागेल.

इथवर मोडतोड झाली. आता कागद कसा असावा ते सांगतो.

उत्पादनाचा आकडा पुस्तकातून घेऊ नये. आपल्या महसूल मंडळात दरवर्षी पीक कापणी प्रयोग होतात, त्यांचे आकडे सहायक कृषी अधिकाऱ्याकडे मागावेत. आणि स्वतःच्या शेतात एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, दोरीने आखून वेगळा कापावा, झोडावा, वाळवावा आणि मगच तोलावा. गुंठा निवडताना चांगलाच कोपरा निवडण्याचा मोह होतो. दोन गुंठे घ्यावेत, एक वरच्या खाचरातला, एक खालच्या. मग गुणायचे ते चाळीसने नव्हे. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेला असतो, तो आणि बांध वजा जाऊन जेवढे खाचर उरते तेवढ्याने.

आणि शेवटी ‘नफा किती’ हा प्रश्न सोडून दुसरा विचारावा : याच खाचरात इंद्रायणी लावली असती तर? १७ क्विंटल भात, उतारा तोच, तर अख्खा तांदूळ ८९० किलो, कणी १६० किलो. इंद्रायणीचा भाव ५५ आणि कणीचा ३० धरला तर ५३,७५०. एवढेच पैसे आंबेमोहराच्या ४२० किलोंतून यायचे असतील, तर कणीचे २,१०० वजा करून किलोला १२३ रुपये मिळाले पाहिजेत. इंद्रायणीला खत-कापणीचा खर्च थोडा जास्त येतो, म्हणून दोन-चार रुपये खाली धरा. माझे भाव उदाहरणाचे आहेत. आपल्या गिरणीवरचे घालून हीच वजाबाकी करा.

‘एवढा हिशेब केला तर कुणी आंबेमोहर लावणारच नाही,’ असे यावर म्हणतात. लावतील. भुकूमपासून कोथरूड-बावधन हाकेच्या अंतरावर आहे आणि १२०-१३० रुपये देणारी घरे तिथे आहेत. पण ती गिरणीवाल्याच्या पट्टीत सापडत नाहीत. ती लावणीच्या आधी, नावानिशी आणि किती किलो हवा त्या मागणीनिशी वहीत लिहिलेली असावी लागतात. चार क्विंटल तांदळाला वीस घरे पुरतात. जूनपर्यंत ही वीस नावे जमली नसतील, तर रोप इंद्रायणीचे टाका आणि आंबेमोहर घरी खाण्यापुरता पाच गुंठ्यांत ठेवा.