पोळ्यांची चळत बघून काय ओळखावं

माझी भाची बुलढाण्याला खोली घेऊन शिकते. पोळ्या स्वतःच करते. परवा दुपारी तिनं मोबाइलवर पोळ्यांच्या चळतीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, सकाळी केल्या अन् आता तुटतात. काय चुकतं?"

तुमच्याही घरी असा फोटो येत असेल. तो आला की आधी चळत बाजूनं बघा. मऊ पोळ्या एकमेकींवर बसतात आणि त्यांच्या कडा खाली लवतात. कडक पोळ्यांमध्ये फटी दिसतात, वरच्या पोळीची कड पापडासारखी उचललेली असते. भाचीच्या फोटोत अगदी तसंच होतं.

मग वरची पोळी जवळून बघा. मोठे तपकिरी डाग असतील, तर तवा बरा तापला होता. पोळी फिकट असेल, डाग नसतील आणि तरीही ती कडक असेल, तर ती मंद आचेवर बराच वेळ पडून होती. फुगायच्या आत तिच्यातलं पाणी उडालं. कडेला चिरा असतील, तर कणीक घट्ट होती. पांढरं पीठ दिसत असेल, तर लाटताना कोरडं पीठ जास्त लागलं. ते पोळीतला ओलावा ओढतं.

पण फोटोवर पूर्ण विसंबू नका. पिवळ्या दिव्याखाली फिकट पोळीही खरपूस दिसते. म्हणून मी तिला एक काम सांगितलं, ते तुम्हीही करा. एक पोळी घ्या, तिला पाण्याचा हलका हात लावा, गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद टाका आणि लगेच घडी घाला.

पोळी वळली, तर तिच्यात पाणी शिल्लक आहे. ती फक्त शिळेपणानं ताठरली. गार झाल्यावर पोळी ताठर होतेच, गरम केली की सैल पडते. मग तुमची चूक ठेवण्यात आहे. ती तरीही मोडली किंवा वातड राहिली, तर चूक कणकेत किंवा तव्यावर झाली.

भाचीची पोळी मोडली. तिला विचारलं, तेव्हा कळलं की कणीक मळून ती लगेच लाटायला घेते. आणि पोळी करपेल या भीतीनं गॅस बारीक ठेवते.

कणकेचं असं करा. दोन वाट्या पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी लागतं. गिरणीवरून दळलेलं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून पाणी थोडं थोडं घाला. मळताना कणीक हाताला किंचित चिकटली तरी चालेल. वर तेलाचा हात फिरवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पिठातला कोंडा पाणी सावकाश पितो. त्याला वेळ दिला नाही, तर तो नंतर पोळीतलंच पाणी ओढतो. अर्ध्या तासानं कणकेत बोट दाबा. खळगा हळूहळू भरून आला, तर लाटायला घ्या. फार घट्ट वाटली, तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

गहूही बघा. बन्सी गहू रव्याला, शेवयांना चांगला, पण त्याची पोळी लवकर मोडते. पोळीला लोकवन बरा.

तवा तापला का, ते बघायला चिमूटभर पीठ टाका. काही सेकंदांत ते तपकिरी झालं पाहिजे. लगेच काळं पडलं, तर आच थोडी कमी करा. पोळी टाकली की रंग बदलताच उलटा. दुसऱ्या बाजूला डाग पडू द्या. मग पुन्हा उलटून कडा फडक्यानं दाबा, म्हणजे ती फुगेल. सगळं मिळून एक-दीड मिनिटात व्हायला हवं. तीन मिनिटं लागत असतील, तर तुम्ही पोळी भाजत नाही, वाळवताय.

आता ठेवायचं. भाची पोळ्या ताटलीत उघड्या, पंख्याखाली ठेवत होती. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अशा पोळ्या तासाभरात कडा सोडतात. उतरवलेली पोळी दुरडीत, सुती फडक्यावर ठेवा. वाफ घटकाभर जाऊ द्या. मग सगळी चळत त्याच फडक्यात गुंडाळून डब्यात घाला. वाफाळत्या पोळ्यांवर स्टीलचं झाकण दाबलं, तर आत पाणी सुटतं आणि खालच्या पोळ्यांचा लगदा होतो.

एसटीनं डबा पाठवत असाल, तर पोळ्यांना तुपाचा हलका हात लावा. घडी करून, एकमेकींना चिकटून बसतील अशा भरा. डब्यात मोकळी जागा राहिली, तर घडी केलेलं दुसरं फडकं वर ठेवा.

फ्रीजचा मोह मात्र टाळा. तिथल्या गारव्यात पोळी बाहेरच्यापेक्षा लवकर ताठरते. ठेवावीच लागली, तर गुंडाळून ठेवा आणि खायच्या वेळी पाण्याचा हात लावून तव्यावर गरम करा. आंबूस वास येत असेल, तार सुटत असेल किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर गरम करून उपयोग नाही. ती पोळी खाऊ नका.

काल पुन्हा फोटो आला. चळतीत फट नव्हती. वरची पोळी तिनं घडी करून दाखवली होती.