एका परिच्छेदातील सहा वर्तमानकाळ

मराठी निबंधाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांत आणि नियतकालिकांच्या संपादकीय टेबलावर एक नियम निरपवाद मानला जातो. परिच्छेद भूतकाळात सुरू झाला की तो भूतकाळातच संपला पाहिजे. मध्ये 'आहे' किंवा 'जातो' दिसले की लाल रेघ ओढायची आणि 'होते' किंवा 'गेला' करून मोकळे व्हायचे. हा नियम मराठीच्या स्वभावातून आलेला नाही. तो इंग्रजी शाळेतल्या रचनेच्या तासातून आला आणि मराठीच्या अंगावर न बसणारा कोट म्हणून तसाच राहिला. दुसऱ्या बाजूला समीक्षकांचा एक वर्ग असा आहे की, कथेत काळ कसाही घसरला तरी त्याला 'ऐतिहासिक वर्तमान' म्हणून तो आशयाची गरज ठरवतो. पहिला वर्ग फक्त क्रियापदे मोजतो. दुसरा तेवढीही तसदी घेत नाही. क्रियापद वाक्यात कोणते काम करते हे विचारण्याचे कष्ट दोघेही टाळतात.

यासाठीच बेतलेला एक परिच्छेद घेऊ. 'पहाटे गोविंदा बंदरावर पोहोचला. भरती ओसरली होती आणि होड्या चिखलात कलंडल्या होत्या. त्याने तांडेलाची चौकशी केली. तांडेल रात्रीच गेला आहे, असे एका पोराने सांगितले. पावसाळ्याच्या तोंडावर इथला समुद्र गेलेल्याला सहजी परत देत नाही. गोविंदा वळतो आणि वाळूवर बसतो. त्याने खिशातली चिठ्ठी काढली. ती भिजली आहे. मान वर करून बघतो तर तांडेलाची होडी खाडीच्या मुखाशी.'

वर्तमानाची रूपे सहा आहेत : गेला आहे, देत नाही, वळतो, बसतो, भिजली आहे, बघतो. नियमनिष्ठ तपासनीस सहाही ठिकाणी रेघ ओढील. प्रत्यक्षात चूक एकाच जागी आहे, आणि तीही नेमकी कोणत्या क्रियापदात आहे हे लगेच सांगता येत नाही.

'गेला आहे' हे पोराचे बोलणे आहे. इंग्रजीत सांगणाऱ्याचे क्रियापद भूतकाळी असले की सांगितलेल्या गोष्टीचे क्रियापदही सामान्यत: मागे सरकते. मराठीत ते सरकत नाही. 'तो आजारी आहे असे त्याने सांगितले' हेच मराठी आहे. तिथे 'होता' केले तर तो सांगण्याच्या आधी कधी तरी आजारी होता, असा अर्थ पुढे येऊ लागतो. म्हणजे दुरुस्तीने काळ जुळत नाही, घटनाच बदलते. या परिच्छेदात 'तांडेल रात्रीच गेला होता' असे केले की तो जाऊन परतलाही असावा अशी शंका वाचकाच्या मनात येते आणि शेवटची होडी आधीच उघडी पडते. 'आहे'मुळे पोराच्या दृष्टीने तांडेल अजून समुद्रात आहे आणि गोविंदाची निराशा खरी आहे. तपासनिसाच्या एका रेघेने कथेचा कणाच काढून घेतला जातो, हा मुद्दा केवळ व्याकरणाचा नाही.

'परत देत नाही' हे समुद्राविषयीचे सर्वकालीन विधान आहे. ते 'देत नसे' केले तर समुद्राचा स्वभाव जुन्या काळात जमा होतो. हे विधान गावाचे की निवेदकाचे, असा प्रश्न विचारता येईल, पण तो काळाचा प्रश्न नाही. 'बघतो तर' ही मराठीतली घडीव रचना आहे. भूतकाळी कथनात ती सहज येते आणि अनपेक्षित दृश्याची चाहूल देते. 'बघितले तर' चालत नाही असे नव्हे, परंतु ते बदलण्याचे कारणही नाही.

उरले दोन ठिकाणचे तीन शब्द. 'वळतो' आणि 'बसतो' या गोष्टीला पुढे नेणाऱ्या क्रिया आहेत. त्या कोणाचे बोलणे नाहीत, सार्वत्रिक विधान नाहीत, ठरीव रचनाही नाहीत. त्यांची तुलना 'पोहोचला', 'केली', 'काढली' यांच्याशीच करावी लागते. तिथे दिसते ते असे की, कथन वर्तमानात शिरते आणि पुढच्याच वाक्यात काहीही न घडता मागे फिरते. काळ घसरला तो इथे. मात्र दोष 'वळतो'चा की 'काढली'चा? समुद्राविषयीच्या विधानानंतर निवेदक गोविंदाच्या जवळ सरकला आहे असे मानले, तर 'वळतो, बसतो, चिठ्ठी काढतो, ती भिजली आहे' ही सलग ओळ उत्तम उभी राहते आणि 'त्याने काढली' हेच उपरे ठरते. उलट निवेदक दूरच राहिला असे मानले तर 'वळला' आणि 'बसला' करणे भाग आहे. दोन्ही दुरुस्त्या शक्य आहेत. लेखकाने एक निवडायची आणि शेवटपर्यंत पाळायची.

दुसरी वाट धरली तर 'भिजली आहे'चे काय करायचे हे ठरवण्यासाठी त्याच्या आधी मनातल्या मनात 'त्याने पाहिले की' घालून पाहावे. अर्थ न बदलता वाक्य चालले, तर ते गोविंदाला दिसलेले आहे आणि वर्तमान योग्य आहे. इथे ते चालते. पण मागचा 'बसतो' दुरुस्त होईपर्यंत हा 'आहे'सुद्धा त्याच ढिलाईचा भाग वाटतो. म्हणून आधी कथा पुढे नेणारी क्रियापदे जुळवावीत, मग गोविंदाला दिसलेल्याचा विचार करावा. उलट क्रमाने गेले तर निर्दोष शब्दावर रेघ पडते.

अशी घसरण का होते याचे एक कारण मराठीच्या रूपव्यवस्थेतच आहे. 'गोविंदा बसतो'चे 'गोविंदा बसला' करायला क्रियापदाचे रूप बदलले की पुरते. 'गोविंदा चिठ्ठी काढतो'चे 'गोविंदाने चिठ्ठी काढली' करताना मात्र कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद चिठ्ठीच्या लिंगवचनाशी जुळते. वाक्याचा सांगाडाच हलतो. काळ बदलून पुन्हा लिहिलेल्या मजकुरात 'गोविंदाने चिठ्ठी काढतो' अशी अर्धवट रूपे किंवा सकर्मक क्रियापदापाशीच बदललेला काळ आढळला, तर लेखकाच्या आशयात गूढ अर्थ शोधण्याआधी हातचे लेखन तपासावे.

'ऐतिहासिक वर्तमान'वाल्यांना नेमके हेच मान्य होत नाही. ते हाराल्ड वाइनरिश यांचे नाव घेतात. त्यांच्या 'टेम्पुस' (1964) या ग्रंथात बोलण्याचे जग आणि कथनाचे जग यांच्या क्रियारूपांत भेद केला आहे आणि एकातून दुसऱ्यात जाणे हा वाचकाला दिलेला संकेत मानला आहे, हे खरे. परंतु त्याच विवेचनाचा पाया असा की, मजकुरात काळ गटागटाने येतात. एकाच गटात राहणे हे नित्याचे आणि गट बदलणे हे तुलनेने क्वचितचे, म्हणूनच बदलाला अर्थ येतो. दर दुसऱ्या वाक्यात बदलणाऱ्या काळात संकेत उरत नाही. बचावासाठी पुढे केलेले नावच बचाव मोडून काढते. गोविंदाचे 'वळतो, बसतो' एका वाक्यापुरते येते आणि निघून जाते. त्याला गट म्हणता येत नाही.

तेव्हा वरच्या परिच्छेदात बदल करायचा तो फक्त इतका : 'गोविंदा वळला आणि वाळूवर बसला.' पोराचा 'आहे', समुद्राचा 'नाही', चिठ्ठीचा 'आहे' आणि शेवटचा 'बघतो' आपापल्या जागी राहतात. सहापैकी चार वर्तमान टिकतात, आणि होडी खाडीच्या मुखाशी येईपर्यंत तांडेल समुद्रातच राहतो.