पाकिटावरचे ५२ आणि ताटातले १३

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांत सोयाबीनची वडी आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळते. मटणापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून ती घ्यावी असेच आम्ही सांगतो. मात्र पाकिटावरचे 'प्रथिने ५२ ग्रॅम' वाचून घराघरांत गैरसमज होतो.

हा आकडा १०० ग्रॅम कोरड्या वडीचा असतो. गरम पाण्यात भिजवून पिळली की वडीचे वजन तिपटीच्या आसपास जाते, कारण ती पाणी धरते. प्रथिने तेवढीच राहतात. समजा, चार माणसांच्या घरात १०० ग्रॅम कोरड्या वडीची भाजी केली आणि सारखी वाटली. प्रत्येकाच्या वाट्याला १३ ग्रॅम प्रथिने आली, म्हणजे साधारण दोन अंड्यांइतकी. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. बाकीची डाळ, भाकरी, अंडे, सुकट यांतून यावी लागतात.

आणि वाटणी सारखी होते का? वड्या आधी पुरुषांच्या व मुलांच्या ताटात जातात, शेवटी जेवणाऱ्या बाईला रस्सा उरतो. रश्शात प्रथिने जवळजवळ नसतात. म्हणून पातेले चुलीवरून उतरवले की आधी वड्या मोजून वाटा, मग रस्सा ओता.

आठवड्याला किती? आमच्या मते मोठ्या माणसाने एका वेळी २५ ते ३० ग्रॅम कोरडी वडी, आठवड्यातून तीन-चार वेळा घ्यावी. लहान मुलांना याच्या निम्मी पुरते. रोज तीच नको, कारण अंडी-मासळीत मिळणारे बी-१२ सोयात नसते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. सोया खाल्ल्यावर खाज किंवा सूज आली तर पुन्हा खाऊ नये.

पाकीट घेताना आधी घटकांची यादी बघा. अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजी असतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. ज्याचे वजन जास्त तो घटक आधी लिहिलेला असतो. साध्या वडीच्या यादीत तेल काढलेले सोयापीठ, 'डीफॅटेड सोया फ्लोअर', एवढेच पुरे. सोया चापच्या यादीत मैदा वरच्या बाजूला दिसला, तर तुम्ही बरेचसे पैसे मैद्याचे देत आहात. टोफूचेही तसेच. मऊ टोफूत पाणी जास्त, म्हणून प्रथिने कमी. दोन पाकिटांपैकी १०० ग्रॅममागे कोणात जास्त प्रथिने आहेत ते पाहा, मग किमतीकडे वळा.

सुटी वडी मिळते तेव्हा ना तारीख असते ना यादी. ती नाकाला लावून बघा. खवट वास आला, जाळे किंवा किडे दिसले, तर दुकानदाराच्या हातात तिथेच परत द्या.